साखर उतरली, पण पाय का सुजले?

समजा, साताऱ्याजवळच्या गावातले ६२ वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. बारा वर्षांचा मधुमेह आणि चार वर्षांपूर्वी येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका. त्या झटक्याने हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला, पण औषधांवर सगळं सुरळीत चाललं होतं. उपाशीपोटीची साखर मात्र १९०च्या खाली येईना. गावातल्या डॉक्टरांनी जुनी गोळी बदलून तीन औषधांची एकत्र गोळी दिली. महिन्याभराने साखर १३० झाली. घरात सगळे खूश.

त्याच महिन्यात आणखीही काही घडत होतं. वजन ७१ किलोवरून ७४.५ किलोवर गेलं. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायला लागला. नडगीवर अंगठा दाबून धरला की खळगा पडायचा आणि लगेच भरून यायचा नाही. पाचव्या आठवड्यात ते रात्री दोन उशा घेऊन झोपायला लागले, कारण आडवं झालं की धाप लागायची. ‘साखर कमी झाली म्हणून अंगाला लागतंय,’ असं घरच्यांना वाटलं. प्रत्यक्षात अंगात पाणी साचत होतं. एकत्र गोळीतलं तिसरं औषध होतं पायोग्लिटाझोन.

हे औषध स्वादुपिंडाकडून जास्त इन्सुलिन काढून घेत नाही. शरीराचं इन्सुलिन नीट लागू पडावं, यासाठी ते मुख्यतः चरबीच्या पेशींमधला एक ‘स्विच’ चालू करतं. त्याचं शास्त्रीय नाव पीपीएआर-गॅमा. तो चालू झाला की रक्तात फिरणारी जादा चरबी त्वचेखालच्या पेशींमध्ये साठवली जाते. यकृत आणि स्नायूंवरचा चरबीचा भार उतरतो आणि ते इन्सुलिनला पुन्हा दाद देऊ लागतात. म्हणूनच यकृतावर चरबी चढलेल्या मधुमेहींना हे औषध उपयोगी पडू शकतं.

अडचण अशी, की हाच स्विच मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांमध्येही असतो. तिथे तो चालू झाला की लघवीवाटे जायला हवं असलेलं मीठ शरीरात परत ओढलं जातं. मिठाच्या मागे पाणी येतं. त्यातलं काही रक्तवाहिन्यांमधून झिरपून पावलांवर आणि घोट्यांवर जमतं. रक्त पातळ झाल्यामुळे हिमोग्लोबिनही थोडं कमी दिसतं, त्यामागे रक्तस्राव किंवा लोहाची कमतरता असेलच असं नाही. इन्सुलिन स्वतःही मीठ धरून ठेवतं, म्हणून दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत सूज जास्त दिसते. एकटं पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांत सूज साधारण ५ टक्क्यांना येते, तर इन्सुलिनसोबत घेणाऱ्यांत साधारण १५ टक्क्यांना.

म्हणजे या गोळीने वाढणारं वजन दोन प्रकारचं असतं. एक चरबीचं. ते महिनोन्‌महिने, हळूहळू वाढतं आणि बहुतांशी त्वचेखाली साठतं. दुसरं पाण्याचं. ते काही दिवसांत किंवा आठवड्यांत चढतं. एक किलो म्हणजे एक लिटर पाणी, असा साधा हिशेब. काट्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून वजन किती वाढलं याइतकंच ते किती दिवसांत वाढलं हे पाहावं लागतं. सूज, धाप आणि झपाट्याने चढणारा काटा ही त्रयी दिसली तर पाण्याचाच संशय घ्यावा.

निरोगी हृदय हे जादा पाणी बहुधा झेपवतं. हार्ट फेल्युअर असलेल्याची गोष्ट वेगळी. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय थांबणं नव्हे. गरजेइतकं रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद कमी पडते आणि मागे फुप्फुसांत, पायांत द्रव तुंबतो. अशा माणसाचं शरीर आधीच मीठ-पाणी धरून ठेवत असतं. त्यात गोळीने आणखी दोन-तीन लिटरांची भर घातली की फुप्फुसांत पाणी भरू लागतं. पायोग्लिटाझोन हृदयाच्या स्नायूला थेट इजा करतं असं आढळलेलं नाही, पण दुबळ्या हृदयावर ते पेलवणार नाही इतका भार टाकतं.

हा धोका मोजला गेला तो २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोअ‍ॅक्टिव्ह’ या चाचणीत. त्यात हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा विकार असलेले ५,२३८ मधुमेही होते आणि लक्षणं असलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना मुळातच वगळलं होतं. तरीही पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांपैकी सुमारे ६ टक्क्यांना हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात जावं लागलं, तर नुसती निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ४ टक्क्यांना. हार्ट फेल्युअरने झालेले मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखे होते. २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधावर चौकटीतला सर्वांत कडक इशारा छापायला लावला. गंभीर हार्ट फेल्युअर असेल तर ते सुरूच करायचं नाही आणि लक्षणं असलेल्या कुणालाही द्यायचं नाही. युरोपचा नियम आणखी कडक आहे : हार्ट फेल्युअर आहे किंवा पूर्वी होऊन गेलं आहे, त्यांना हे औषध वर्ज्य. आपल्याकडे २०१३च्या जूनमध्ये त्याची विक्री स्थगित झाली आणि जुलैअखेरीस इशाऱ्यासह पुन्हा सुरू झाली. पण तेव्हाची चर्चा मूत्राशयाच्या कर्करोगाभोवती फिरली. हृदयाचा मुद्दा सामान्य रुग्णांपर्यंत तितकासा पोचलाच नाही.

आता त्या गृहस्थांकडे वळू. सूज पाहून कुणी नुसती लघवीची गोळी वाढवली असती, तर फार फरक पडला नसता. पायोग्लिटाझोनच्या सुजेवर नेहमीची फ्युरोसेमाइडसारखी औषधं अनेकदा पुरेशी लागू पडत नाहीत. खरा उपाय मूळ गोळी थांबवण्याचा. ती थांबली की पाणी बहुधा काही दिवस ते काही आठवड्यांत उतरतं. मात्र एकत्र गोळी बंद केली की तिच्यातली इतर दोन औषधंही बंद होतात आणि साखर उसळते, म्हणून बदल डॉक्टरांनीच करायचा. आणखी एक गोंधळ टाळायला हवा. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिननेही घोटे सुजतात, पण त्या सुजेत सहसा वजन झपाट्याने वाढत नाही आणि आडवं झाल्यावर धाप लागत नाही.

पाकिटावरचं ब्रँडचं नाव वाचून आत पायोग्लिटाझोन आहे की नाही हे कळत नाही. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात घटक छापलेले असतात, तिथे ते शोधावं लागतं. ते सापडलं आणि हार्ट फेल्युअरचं निदान झालेलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं. जुन्या झटक्यानंतर हृदय कमकुवत झाल्याचं सांगितलं असेल किंवा आडवं पडल्यावर धाप लागत असेल, तरीही तेच. ज्यांना हृदयाचा त्रास नाही आणि गोळी चालू आहे, त्यांनी घाबरून ती सोडायची गरज नाही. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी वजन करून लिहून ठेवावं. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाली, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. हार्ट फेल्युअरच्या रुग्णासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनसारखे पर्याय आज उपलब्ध आहेत. ते लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात जाण्याची वेळही कमी आणतात. त्या गृहस्थांना साखर १३०वर आणायची होतीच. फक्त ती त्यांच्या दुबळ्या हृदयावर भार न टाकणाऱ्या गोळीने आणायला हवी होती.