भास्कराचार्यांचा दाता आणि श्रेढींची प्रश्नपेढी

इ. स. ११५०च्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी ‘श्रेढीव्यवहार’ नावाचं एक प्रकरण लिहिलं. त्यात एक दाता आहे. पहिल्या दिवशी तो ४ द्रम्म देतो आणि पुढे रोज आदल्या दिवसापेक्षा ५ द्रम्म जास्त देतो. एका पक्षात, म्हणजे पंधरा दिवसांत, त्यानं किती दान केलं? उत्तर ५८५ द्रम्म. दहावीच्या ‘अंकगणित श्रेढी’च्या धड्यात आजही याच जातीचे प्रश्न असतात. पहिलं पद दिलेलं, फरक दिलेला, पदांची संख्या दिलेली, बेरीज काढा.

प्रश्नपेढी तयार करायला बसलेल्या शिक्षकापुढे मात्र वेगळाच प्रश्न असतो: हे उदाहरण कुठल्या कप्प्यात ठेवायचं? आपल्याकडे प्रश्नपत्रिका काढण्याआधी संविधान तक्ता करतात आणि त्यात ज्ञान, आकलन, उपयोजन असे रकाने असतात. या विचाराचं मूळ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली मांडलेल्या वर्गीकरणात आहे. २००१ साली अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी त्यात सुधारणा केली. त्यानुसार बोधाचे सहा स्तर येतात: स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती. यादी पाठ व्हायला वेळ लागत नाही, पण प्रश्नावर स्तराची चिठ्ठी लावताना हटकून घोटाळा होतो. माझ्या मते त्याची मुळं दोन आहेत.

पहिलं म्हणजे प्रश्नाचा अवघडपणा आणि त्याचा स्तर यांची गल्लत. त्याच प्रकरणात एक राजा शत्रूचे हत्ती पकडायला निघतो. पहिल्या दिवशी तो २ योजनं चालतो, पुढे रोज सारखीच वाढ करत जातो आणि सात दिवसांत ८० योजनांवरचं शत्रूचं नगर गाठतो. तर रोजची वाढ किती? उत्तर येतं बावीस सप्तमांश योजनं. अपूर्णांक दिसला की मुलं घाबरतात, बरीच चुकतातही, आणि शिक्षक या प्रश्नावर ‘उच्च स्तर’ असा शिक्का मारून मोकळे होतात. पण यात विद्यार्थी करतो काय? ओळखीचं सूत्र लिहितो, दिलेल्या संख्या घालतो, अज्ञात संख्या काढतो. हे सरळ उपयोजन आहे. आकडे किचकट आहेत, विचार नेहमीचाच आहे.

आता पहिल्याच दात्याबद्दल विचारा: पंधरा दिवसांची बेरीज ५८५, म्हणजे १५ गुणिले ३९. आठव्या दिवशीचं दानही नेमकं ३९. हा योगायोग आहे का? इथे आकडेमोड जवळजवळ नाहीच. मुलाला दिसावं लागतं की आठवा दिवस बरोबर मधला आहे. सातव्या दिवशी ५ कमी तर नवव्या दिवशी ५ जास्त, सहाव्या दिवशी १० कमी तर दहाव्या दिवशी १० जास्त. जोड्या एकमेकींना तोलतात आणि सरासरी मधल्या पदावर येऊन थांबते. हा विश्लेषणाचा प्रश्न आहे, तोही सोप्या आकड्यांचा.

दुसरं मूळ अधिक खोल आहे. स्तर प्रश्नाच्या वाक्यात नसतो. वर्गात आधी काय शिकवलं आणि आता काय विचारलं, यांमधल्या अंतरात असतो. ‘सिद्ध करा’ हे क्रियापद दिसलं की प्रश्न वरच्या स्तरावर नेण्याची प्रथा आहे. पण पहिल्या काही पदांच्या बेरजेच्या सूत्राची सिद्धता फळ्यावर लिहून, वहीत उतरवून, दोनदा पाठ करून झालेली असेल, तर परीक्षेत ती लिहिणं हे निव्वळ स्मरण आहे. म्हणून प्रश्नपेढीतल्या प्रत्येक प्रश्नाच्या नोंदीत उत्तर, गुण आणि स्तर यांच्याबरोबर आणखी एक रकाना मी आवश्यक मानते: या धाटणीचं उदाहरण वर्गात घेतलं आहे का? तो रकाना रिकामा असेल, तर स्तराची नोंद हा केवळ अंदाज ठरतो.

एकाच गोष्टीतून प्रश्नांचं कुटुंब वाढवलं की हे नीट दिसतं. स्मरणासाठी बेरजेचं सूत्र विचारावं, त्यावर फार वेळ घालवू नये. आकलनासाठी दात्याच्या एखाद्या दिवसाचं दान काढण्याचा नियम द्यावा: दिवसाच्या क्रमांकाची पाचपट करा आणि १ वजा करा. मग विचारावं, यातला पाच दात्याबद्दल काय सांगतो? आणि पहिल्या दिवशी तो चार द्रम्म देतो, तरी नियमात कुठेच चार का दिसत नाही? ज्याला सूत्र पाठ आहे पण कळलेलं नाही, तो या दुसऱ्या प्रश्नावर अडतो.

मूल्यमापनाच्या स्तरावरचे चांगले प्रश्न सर्वांत कमी सापडतात, म्हणून त्यातला एक सविस्तर सांगते. भास्कराचार्यांचा आणखी एक दाता पहिल्या दिवशी ३ द्रम्म देतो आणि रोज २ द्रम्म वाढवतो. त्याचं एकूण दान ३६० किती दिवसांत होईल? इथे बेरजेचं रूप फार सुटसुटीत होतं: दिवसांची संख्या आणि तिच्याहून दोनने मोठी संख्या यांचा गुणाकार. १८ गुणिले २० म्हणजे ३६०, म्हणून उत्तर १८ दिवस. इथपर्यंत उपयोजन. आता ३६०च्या जागी ४०० घालू आणि एका काल्पनिक विद्यार्थ्याचं उत्तर प्रश्नातच देऊ: ‘वर्गसमीकरण सोडवल्यावर दिवसांची संख्या साधारण १९.०२ आली, म्हणून १९ दिवसांत ४०० द्रम्म पूर्ण होतात. हे उत्तर बरोबर आहे का? कारणासह ठरवा.’

एकोणीस दिवसांची बेरीज १९ गुणिले २१, म्हणजे ३९९. विसाव्या दिवसाअखेर ती एकदम ४४० होते. म्हणजे कोणत्याही दिवशी एकूण दान नेमकं ४०० नसतं, आणि ‘किमान ४००’ म्हणायचं असेल तर उत्तर १९ नसून २० आहे. विद्यार्थ्याच्या उत्तरातली आकडेमोड अचूक आहे. चूक झाली ती निकाल काढताना, कारण दिवस पूर्णांकातच मोजावे लागतात आणि जवळचा पूर्णांक घेण्याची सवय इथे चालत नाही. तीन गुणांची विभागणीही यातूनच ठरते: ३९९ तपासल्याचा एक, ४४० तपासल्याचा एक, आणि कारणासह निर्णयाचा एक. नुसतं ‘चूक आहे’ लिहिणाऱ्याला शून्य द्यावं लागतं, कारण बरोबर किंवा चूक यातलं एक नाणेफेकीनंही जमतं.

निर्मितीसाठी पहिल्या दात्याकडे परत जावं. पंधरा दिवसांत ५८५ द्रम्मच द्यायचे, पण सुरुवात आणि रोजची वाढ वेगळी ठेवायची. अशी योजना तयार करा. मधला दिवस ३९चा राहिला पाहिजे, हे ज्याला उमगलं, तो ११ पासून ४ने वाढणारी किंवा १८ पासून ३ने वाढणारी योजना सहज मांडतो. पूर्ण द्रम्मात आणि रोज वाढत्या दानाच्या अशा पाचच योजना निघतात, त्यांत भास्कराचार्यांची स्वतःची योजना सर्वांत वेगानं वाढणारी. मात्र ‘सगळ्या योजना शोधा’ म्हटलं, की निर्मितीचा प्रश्न विश्लेषणाकडे झुकतो. हे पेढीत नोंदवून ठेवावं.

भूमिती श्रेढीसाठीही ‘लीलावती’त सामग्री आहे. कुणी पहिल्या दिवशी २ कवड्या देतो आणि रोज दुप्पट करतो, महिन्याभरात किती? एकूण २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४६ कवड्या. त्यांचे निष्क, द्रम्म, पण असे तुकडे करण्यात पानभर लिखाण होतं, पण स्तर उपयोजनाचाच राहतो. त्याऐवजी विचारावं: तिसाव्या दिवसाचं दान आधीच्या एकोणतीस दिवसांच्या एकूण दानापेक्षा जास्त की कमी, आणि कितीनं? दोन-तीन दिवस मांडून पाहिले की दिसतं, दर दिवसाचं दान आधीच्या साऱ्या बेरजेहून बरोबर २ने जास्त असतं. दुपटीचा स्वभाव इथे मुलाच्या हाती लागतो, आणि ही दहा अंकी संख्या लिहावीही लागत नाही.

बहुपर्यायी प्रश्नांत सगळी मेहनत चुकीच्या पर्यायांवर करावी लागते. पहिल्या दात्याचं पंधराव्या दिवसाचं दान ७४. सोबत ७९ ठेवावा, कारण चौदाऐवजी पंधरा वेळा फरक मिळवणारा तो निवडतो. ५८५ ठेवावा, कारण एका दिवसाचं दान आणि एकूण दान यांत गोंधळणारा तो निवडतो. ७५ही चालेल, पहिलं पद विसरून पंधरापाचे पंचाहत्तर करणाऱ्याला तो सापडतो. ७२सारखे आकडे कुठल्याच नेहमीच्या चुकीतून निघत नाहीत, म्हणून त्यांच्यावर कुणी खूण केली तरी शिक्षकाला काही कळत नाही.

मग प्रश्न वर्गात चाचणीला लावायचा. ट्रुमन केली यांनी १९३९ साली मांडलेली रीत अजून वापरतात: एकूण गुणांनुसार वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के विद्यार्थी वेगळे काढायचे. समजा, वर्ग चाळीसचा आहे आणि दोन्ही गट अकरा-अकराचे. वरच्या गटात नऊ जणांचं उत्तर बरोबर, खालच्या गटात तिघांचं. फरक सहा, त्याला अकराने भागलं की ०.५५ येतात, प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलांत चांगला भेद करतो. आकडा शून्याजवळ आला तर प्रश्नाची भाषा तपासावी. ऋण आला तर आधी उत्तरसूची पाहावी, बहुतेकदा तिथेच चूक निघते. पण या आकड्यांतून स्तर कळत नाही. त्यासाठी दोन शिक्षकांनी एकमेकांची चिठ्ठी न पाहता स्तर लिहावा, आणि काही मुलांना प्रश्न मोठ्यानं बोलत सोडवायला सांगावं. ज्याला आपण विश्लेषण म्हणत होतो, ते मुलं ‘हे क्लासला घेतलंय’ म्हणत भराभर लिहून टाकतात, तेव्हा चिठ्ठी बदलावी लागते.

एकदा विचारलेला प्रश्न असा खालच्या स्तरावर घसरतोच. मग त्याची नवी आवृत्ती काढताना आकडे कसेही बदलून चालत नाही. ४००च्या जागी ४४० घातले तर विसाव्या दिवशी बेरीज नेमकी जुळते आणि प्रश्नातला पेच संपतो. ४४१ किंवा ४८४ घातले तर तो टिकतो: वीस दिवसांची बेरीज ४४०, एकवीस दिवसांची ४८३, दोन्ही वेळा एकच द्रम्म कमी. ४००, ४४१, ४८४ हे तिन्ही पूर्ण वर्ग आहेत. रोज २ने वाढणाऱ्या या दात्याची बेरीज दर वेळी पूर्ण वर्गाला एका द्रम्मानं का चुकते, हा प्रश्न विश्लेषणाच्या कप्प्यात नव्यानं नोंदवता येतो.