बेरीज शून्य, जोखीम कायम

केशवापुरातील एखाद्या ऑप्शन व्यावसायिकाचा निफ्टीतील निव्वळ डेल्टा अधिक ३० आणि बँक निफ्टीतील उणे ३० आहे, असे समजू. बेरीज शून्य येते. परंतु हे संतुलन फसवे आहे. डेल्टा म्हणजे निर्देशांक एका अंकाने हलल्यास होणारा नफा-तोटा, आणि दोन्ही निर्देशांकांचे अंक समान मोलाचे नाहीत.

निफ्टी २५,००० व बँक निफ्टी ५०,००० वर असल्यास १ टक्का वाढीत पहिल्यात ७,५०० रुपये मिळतात, तर दुसऱ्यात १५,००० जातात. म्हणून बेरीज रुपयांतच करावी.

गॅमाला भावाने दोनदा गुणावे लागते: एकदा टक्क्याचे अंक काढण्यासाठी, दुसऱ्यांदा रुपये करण्यासाठी. व्हेगा रुपयांतच असतो. तरीही निरनिराळ्या मुदतींची अस्थिरता सारखी बदलत नसल्याने तो मुदतवार मांडावा.