लिंक ज्याच्या हाती, फाइल त्याची

अंबरनाथ पश्चिमेच्या बुवापाड्यातल्या एका महिला बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एक स्क्रीनशॉट आला होता. बँकेच्या कर्जासाठी सगळ्या सदस्यांची कागदपत्रं एकत्र हवी होती. आधार कार्डाच्या दोन्ही बाजू, रेशन कार्ड, पासबुकाचं पहिलं पान आणि पासपोर्ट फोटो असं प्रत्येकीचं सगळं गटाच्या सचिव ताईंनी गुगल ड्राइव्हवरच्या एका फोल्डरमध्ये टाकलं होतं. त्या फोल्डरची लिंक ग्रुपवर आली, तेव्हा एका सदस्येनं विचारलं, “आमचे कागद आणखी कोणाला दिसणार नाहीत ना?” उत्तरादाखल ताईंनी शेअरिंगच्या सेटिंगचा स्क्रीनशॉट टाकला. General access च्या खाली Anyone with the link, त्याखाली बारीक अक्षरात Anyone on the internet with the link can view आणि बाजूला Viewer. सोबत ताईंनी लिहिलं होतं, “फक्त बघता येतं, कोणाला बदलता येत नाही. काळजी नसावी.” त्यावर सगळ्यांनी हात जोडले आणि विषय संपला.

ताईंचं म्हणणं खोटं नव्हतं. बदलता खरंच येत नाही. पण ज्या फोल्डरमध्ये आधार आणि पासबुक आहे, तिथे बदलण्याची भीती दुय्यम आहे. खरी भीती बघण्याची आहे, आणि त्या स्क्रीनशॉटमध्ये बघण्याची मुभा इंटरनेटवरच्या कोणालाही दिलेली होती. शिवाय Viewer याचा अर्थ नुसतं पाहणारा इतकाच नाही. मालकानं मुद्दाम बंद केलं नसेल, तर तो फाइल डाउनलोड करू शकतो आणि तिची छापील प्रतही काढू शकतो. बंद केलं तरी मोबाइलच्या पडद्याचा फोटो काढायला कोण अडवणार?

ड्राइव्हमध्ये शेअर करण्याच्या दोन पद्धती मुळातच वेगळ्या आहेत. पहिली Restricted. हिच्यात मालक माणसांचे ईमेल पत्ते लिहितो. कोणी फाइल उघडायला आलं की ड्राइव्ह आधी त्याला लॉगिन करायला लावतं आणि हा माणूस यादीत आहे का, ते तपासतं. यादीत नसेल तर लिंक हातात असूनही फाइल उघडत नाही. दुसरी Anyone with the link. हिच्यात माणूस तपासलाच जात नाही, लॉगिनही लागत नाही. तपासली जाते फक्त लिंकमधली अक्षरांची माळ. ती जुळली की फाइल समोर.

म्हणजे ही लिंक बेअरर चेकसारखी वागते. घेऊन येईल त्याला पैसे, नाव-गाव विचारायचं नाही. फरक इतकाच की बेअरर चेक एकदा वटला की संपतो. लिंक कितीही वेळा वटते आणि तिच्या कितीही प्रती निघतात.

मग अशी लिंक कोणी अंदाजानं ओळखू शकेल का? बहुतेकांच्या मनात हीच शंका आधी येते, आणि नेमकी इथे काळजी करण्याची गरज नाही. ड्राइव्हवर ठेवलेल्या फोल्डरची लिंक साधारण अशी दिसते:

```
https://drive.google.com/drive/folders/1xxxxxxxx...
```

शेवटची माळ साधारण 33 अक्षरांची असते. प्रत्येक जागी इंग्रजीतली लहान-मोठी अक्षरं, आकडे आणि दोन चिन्हं मिळून 64 पर्याय असतात. पहिलं अक्षर बहुधा 1 असतं म्हणून ते सोडून दिलं, तरी उरलेल्या 32 जागांच्या शक्यता 6 वर 57 शून्यं इतक्या होतात. सेकंदाला 100 कोटी अंदाज बांधणारं यंत्र विश्वाच्या जन्मापासून आजवर चालू असतं, तरी त्या शक्यतांचा नगण्य भागही तपासून झाला नसता.

मात्र ही ताकद लांबीत आहे. लिंक लांबलचक दिसते, बॅनरवर शोभत नाही, म्हणून पुष्कळ जण ती एखाद्या लघुदुव्याच्या सेवेतून छोटी करून घेतात. मार्टिन जॉर्जिएव्ह आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल टेक या संस्थेतले विताली श्मातिकोव्ह यांनी 2016 मध्ये याची तपासणी प्रसिद्ध केली. तेव्हा बिटलीच्या पुष्कळ लघुदुव्यांच्या शेवटी 6 अक्षरं असत. 62 पर्यायांच्या 6 जागा म्हणजे सुमारे 5,700 कोटी शक्यता. माणसाला ही संख्या अफाट वाटते, संगणकाला नाही. त्यांनी यादृच्छिकपणे 10 कोटी लघुदुवे तयार केले, तर त्यातले 42 टक्के कुठल्या ना कुठल्या खऱ्या पत्त्यावर पोचले. त्यातले 19,524 मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवरच्या फाइल्स आणि फोल्डरांचे होते. कोणाचाही पासवर्ड फोडावा लागला नव्हता. मालकांनी लांब लिंकच्या आसऱ्यानं ठेवलेल्या वस्तू छोट्या लिंकमुळे अंदाजाच्या टप्प्यात आल्या होत्या. सापडलेल्या वनड्राइव्ह फोल्डरांपैकी सुमारे 7 टक्क्यांमध्ये तर बाहेरच्या माणसाला स्वतःची फाइल टाकण्याचीही मुभा होती.

तरीही बुवापाड्यातल्या त्या गटाला अंदाज बांधणाऱ्यापासून फारसा धोका नाही, कारण त्यांची लिंक लांबच होती. त्यांना धोका आहे तो ती लिंक जिथे जिथे जाऊन बसते त्या जागांचा. पाठवल्यापासून तिचा माग काढू या.

ग्रुपवर लिंक आली की ती प्रत्येक सदस्याच्या मोबाइलमध्ये उतरते आणि चॅटच्या बॅकअपमध्येही. पुष्कळ घरांत एकच मोबाइल आई, मुलगा आणि सून असे सगळे वापरतात. गटातून बाहेर पडलेल्या बाईला ग्रुपवरचे नवे मेसेज येत नाहीत, पण जुना मेसेज तिच्याकडे राहतो आणि त्यातली लिंक चालू राहते. एखादीनं ती बँकेतल्या ओळखीच्या माणसाला फॉरवर्ड केली, त्यानं पुढे दुसऱ्याला, तर मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता झेरॉक्सच्या दुकानाकडे बघा, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी गळती इथे आहे. एका सदस्येला आधारची प्रिंट हवी आहे. ती दुकानदाराच्या व्हॉट्सॲप नंबरवर लिंक टाकते आणि दुकानदार संगणकावर ती उघडतो. तिला एकच प्रिंट हवी आहे, पण लिंक अख्ख्या फोल्डरची असल्यानं पडद्यावर गटातल्या सगळ्यांची कागदपत्रं येतात. प्रिंट निघते, पैसे दिले जातात, विंडो बंद होते. पण दुकानदाराच्या चॅटमध्ये ती लिंक आहेच, आणि ब्राउझरच्या हिस्टरीतही आहे. त्या संगणकावर नंतर बसणाऱ्या कोणालाही हिस्टरीतल्या त्या एका ओळीवर क्लिक केलं की फोल्डर उघडेल, कारण लॉगिन लागतच नाही. यात दुकानदाराचा काहीही दोष नाही. त्याला आपल्याकडे काय राहून गेलंय याची कल्पनाही नसते. त्यानंतर चार महिन्यांनी फोल्डरमध्ये नव्या सदस्येचं पासबुक टाकलं, तर तेही त्याच जुन्या ओळीतून दिसेल. फोल्डरला दिलेली मुभा आतल्या प्रत्येक फाइलला लागू होते, पुढे टाकल्या जाणाऱ्या फाइललासुद्धा.

माणसांशिवाय यंत्रंही असतात. 2014 च्या मे महिन्यात ड्रॉपबॉक्सला आपल्या काही जुन्या लिंका तातडीनं बंद कराव्या लागल्या. शेअर केलेल्या कागदाच्या आत दुसऱ्या संकेतस्थळाचा दुवा असेल आणि वाचणाऱ्यानं त्यावर क्लिक केलं, तर आपण कुठून आलो हे ब्राउझर त्या संकेतस्थळाला सांगत असे, आणि त्यात कागदाचा पूर्ण पत्ता जाई. इंट्रालिंक्स नावाच्या कंपनीला त्याच सुमारास आपल्या गुगल जाहिरातींच्या आकडेवारीत लोकांच्या खाजगी लिंका दिसल्या. पुष्कळांनी लिंक पत्त्याच्या पट्टीऐवजी शोधाच्या चौकटीत चिकटवली होती. त्या लिंकांमागे लोकांची आयकर विवरणपत्रं आणि गृहकर्जाचे अर्ज होते. आजचे प्रमुख ब्राउझर दुसऱ्या संकेतस्थळाला पूर्ण पत्ता पाठवत नाहीत, तेव्हा पहिली वाट बरीचशी बुजली आहे. शोधाच्या चौकटीत चिकटवण्याची सवय मात्र गेलेली नाही. आणि हीच लिंक कोणी एखाद्या उघड वेबपानावर टाकली, तर ती सर्च इंजिनलाही सापडू शकते.

हे सगळं घडताना मालकाला काय कळतं? साध्या खात्यात जवळपास काहीच नाही. गुगल डॉक्समध्ये अनोळखी माणूस त्याच क्षणी आत असेल, तर वर एखाद्या प्राण्याच्या नावानं तो दिसतो. फोटो किंवा पीडीएफ लॉगिन न करता कोणी पाहिला, तर मालकाला त्याची खबर मिळत नाही. म्हणून “कोणी उघडलं असतं तर कळलं असतं” हा दिलासा खरा नाही. कळतं ते उशिरा आणि उलट्या बाजूनं. आपलं नाव, बँकेची शाखा आणि खाते क्रमांक बिनचूक सांगणारा फोन येतो, आणि एवढं सगळं बरोबर सांगतोय म्हणजे बँकेचाच माणूस असणार असं वाटतं.

आपली लिंक उघडी आहे का, हे पाहायला दोन मिनिटं पुरतात. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये इन्कॉग्निटो टॅब उघडा, कुठेही लॉगिन न करता त्यात लिंक चिकटवा. फोल्डर दिसलं, तर ते जगाला दिसतंय. लॉगिन मागितलं, तर यादी काम करतेय.

बुवापाड्यातल्या त्या फोल्डरचं करता येण्यासारखं काम असं होतं. General access मध्ये Anyone with the link बदलून Restricted करायचं, आणि बँकेत कागद पोचवणाऱ्या दोघींचेच ईमेल लिहायचे. बाकीच्यांना एकमेकींचे आधार पाहण्याची गरजच नव्हती. प्रत्येकीनं आपले कागद सचिव ताईंना एकटीला पाठवले असते, तरी भागलं असतं. Restricted केल्या क्षणी ग्रुपमधली, झेरॉक्सच्या संगणकातली आणि पुढे गेलेली ती लिंक निकामी होते. तोवर कोणी डाउनलोड केलेल्या प्रती मात्र परत येत नाहीत.

इथे दोन गोष्टी फसवतात. फोल्डर बंद केलं तरी त्यातली एखादी फाइल पूर्वी स्वतंत्रपणे लिंकवर उघडी केली असेल, तर ती उघडीच राहू शकते. तिची सेटिंग वेगळी पाहावी लागते. दुसरी गोष्ट म्हणजे, कोणाच्या आग्रहावरून काही दिवसांनी फोल्डर पुन्हा Anyone with the link केलं, तर नवी लिंक तयार होत नाही. तीच जुनी अक्षरांची माळ पुन्हा जिवंत होते, आणि तिच्यासोबत हिस्टरीतली ती ओळही. लिंक खरोखर बदलायची असेल, तर नवं फोल्डर करून त्यात फाइल्सच्या प्रती टाकाव्या लागतात आणि जुन्या काढून टाकाव्या लागतात.

काढून टाकणं म्हणजेही नुसतं Delete दाबणं नव्हे. ड्राइव्हमधली फाइल आधी Trash मध्ये जाते आणि तिथे 30 दिवस राहते. तोवर ती पूर्ण गेलेली नसते. कर्ज मंजूर झालं, कागदांचं काम संपलं, की आधी Restricted करायचं, मग फोल्डर Trash मध्ये टाकायचं आणि Trash उघडून Delete forever करायचं, याच क्रमानं.