पहाटे उठण्याच्या बेताची आठवडाभराची चाचणी

नव्या दिनक्रमाची चाचणी म्हणजे तो सात दिवस पाळायचा आणि आधीच ठरवलेल्या दिवशी, ठरवलेल्या वेळी तपासायचा. तोवर तो कायमचा स्वीकारायचा नाही आणि सोडायचाही नाही. पहाटे उठण्याचा बेत असा पारखून घेणे विशेष गरजेचे असते. तो उत्साहाच्या भरात ठरतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीच्या झोपेत मोडतो. आपल्याला तो झेपतो का, हे दोन्ही वेळा पाहिलेच जात नाही.

एकाला झेपले ते दुसऱ्याला झेपेलच असे नाही. 1938 साली नॅथॅनियल क्लाइटमन आणि ब्रूस रिचर्डसन हे दोन संशोधक अमेरिकेतील केंटकीच्या मॅमथ गुहेत 32 दिवस राहिले आणि त्यांनी 28 तासांचा दिवस पाळून पाहिला. रिचर्डसन यांच्या शरीराने तो बराचसा स्वीकारला, क्लाइटमन यांच्या शरीराने नाही. गुहा एक, वेळापत्रक एक, निकाल मात्र दोन.

समजा, ठाण्याहून लोकलने मुंबईला नोकरीला जाणाऱ्या एका बाईंना सकाळी फिरायला जायचे आहे. त्या रात्री साडेअकराला झोपतात, साडेसहाला उठतात. त्यांच्या मनात पहाटे पाचला उठायचे आहे. झोपण्याची वेळ तीच राहिली, तर सात तासांची झोप साडेपाचवर येते. शिवाय शरीराचे घड्याळ एका रात्रीत दीड तास अलीकडे सरकत नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी पाचचा गजर लावला, तर आठवडाभर तपासली जाते ती फक्त अपुरी झोप. त्यापेक्षा चाचणीसाठी पावणेसहाची वेळ बरी, आणि तिच्या जोडीला रात्री पावणेअकराला अंथरुणावर पडणे. फिरायला अर्धा तास तेवढ्यातही मिळतो.

सुरुवात करण्याआधी आठवडाभर जुनाच दिनक्रम वहीत टिपावा: झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ, दुपारी पेंग आली की नाही. तुलनेला काही नसेल, तर नव्या आठवड्यातली पेंग नवी की जुनीच, हे कळत नाही. त्याच पानावर निकालाची अटही आधीच लिहावी. या उदाहरणात सोमवार ते शनिवारच्या सहा दिवसांत निदान चार रात्री पावणेसात तास झोप आणि दुपारची पेंग जास्तीत जास्त दोनदा, अशी अट पुरेशी आहे. तपासणी रविवारी संध्याकाळी पाचला.

अट आधी लिहिण्यामागे ठोस कारण आहे. 2003 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील हान्स व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांनी काही निरोगी माणसांना 14 दिवस रोज सहा तासच झोपू दिले. त्यांची सावधता रोज घसरत गेली. पण आपल्याला किती झोप येते आहे हे विचारल्यावर, पहिल्या काही दिवसांनंतर त्यांच्या उत्तरात फारसा फरक पडेना. अपुऱ्या झोपेची सवय झाल्यासारखी वाटते, नुकसान मात्र चालूच राहते. म्हणून ‘छान वाटतंय’ एवढ्यावर निकाल देणे धोक्याचे आहे.

आता वही पाहू. बाई सहाही दिवस पावणेसहाला उठल्या, पाच दिवस फिरून आल्या आणि खूश आहेत. मात्र पावणेअकराला त्या दोनच रात्री झोपल्या. उरलेल्या चार रात्री साडेअकरा वाजले, म्हणजे झोप सव्वासहा तास. दुपारी चारदा पेंग आली. रविवारी गजर नव्हता, तर जाग सव्वाआठला आली. गजराविना इतकी उशिरा येणारी जाग ही आठवड्याची थकलेली झोप वसूल होत असल्याची सर्वांत स्पष्ट खूण आहे. ठरलेली अट पुरी झालेली नाही.

बेत लगेच सोडण्याचे मात्र कारण नाही, कारण अडचण सकाळी नसून रात्री आहे. नवरा पावणेदहाला घरी येतो, मग पाने वाढली जातात, भांडी आवरेपर्यंत अकरा वाजून जातात. पुढच्या आठवड्यात एकच गोष्ट बदलावी: नऊला जेवून घ्यावे आणि नंतरची आवराआवर नवऱ्याने करावी. हे घरात आधी बोलून ठरवावे लागते. उठण्याची वेळ तीच, अट तीच, तपासणी पुढच्या रविवारी पाचला. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही.

मध्येच ताप आला किंवा घरात लग्न निघाले, तर तो आठवडा धरू नये. नवी तारीख लगेच लिहून ठेवावी. अशी सूट एकदाच. तारीख दुसऱ्यांदा पुढे गेली, तर या दिवसांत बेताला घरात जागा नाही असे समजावे.

एका आठवड्यात सवय जडली का, हे मात्र विचारू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात एखादी कृती आपोआप घडू लागायला लोकांना 18 पासून 254 दिवसांपर्यंत वेळ लागेल, असा अंदाज निघाला. मधला आकडा 66 दिवसांचा होता. वजन किंवा रक्तदाबातला फरकही सात दिवसांवरून ठरवता येत नाही. दिनक्रम घराच्या वेळांत बसतो का आणि झोप पुरते का, एवढेच हा आठवडा सांगतो. दुसऱ्या रविवारीही वहीत साडेअकराच दिसले, तर पावणेसहाचा गजर काढावा आणि संध्याकाळी स्टेशनवर उतरल्यावर चालत घरी यावे. त्या बेतालाही पुन्हा सात दिवस आणि एक तारीख.