पाडव्याचं श्रीखंड गेलं किती? ऑर्डर, बाकी आणि रद्द मालाचा हिशेब असा लावा

कात्रज : पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाच्या डेअरीमुळे कात्रजचं नाव दुधाशी जोडलं गेलंय. घाट ओलांडून भोरकडे माल नेणाऱ्या वितरकांसाठी पाडव्याचा आठवडा धावपळीचा. सण झाला की प्रश्न येतो, विक्री किती झाली आणि मागणीतली किती पुरी केली? इथंच अनेकांचा हिशेब चुकतो.

उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, कुठल्या डेअरीचे किंवा एजन्सीचे नव्हेत. २०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला होता. समजा एका वितरकाकडं दुकानदारांनी श्रीखंडाचे १,००० डबे नोंदवले, २९ मार्चपर्यंत पोहोच करायच्या बोलीवर. त्यातले ७८० वेळेत गेले. माल संपल्यामुळं १२० बाकी राहिले, ते २ एप्रिलला टेम्पोत चढले. उरलेले १०० निघण्याआधीच रद्द झाले. त्यात ३० डबे दुकानदारानं स्वतःहून आधीच कमी केले, तेव्हा गोदामात माल होता. बाकी ७० मात्र "पाडवा झाल्यावर काय करू?" म्हणून रद्द झाले.

आधी विक्री बघू. ऑर्डर वहीत लिहिली म्हणजे विक्री झाली असं नाही. इथं माल वितरकाच्या टेम्पोतून दुकानात जातो, म्हणून बिल माल निघताना फाडायचं आणि विक्री तेव्हाच धरायची. मार्चची विक्री ७८० डबे. २ एप्रिलचे १२० एप्रिलच्या विक्रीत, म्हणजे नव्या आर्थिक वर्षात. वर्षअखेरीचा आकडा फुगवायला ते मार्चमध्ये ओढले, तर गोदामातला साठा आणि वही जुळणार नाही. कुणी आगाऊ पैसे दिले असतील तर ते ॲडव्हान्स म्हणून वेगळे ठेवायचे. ऑर्डर रद्द झाली की ते परत करायचे असतात, ती कमाई नव्हे. आणि बिल आधीच फाडलं असेल तर नुसती काट मारून भागत नाही, क्रेडिट नोट लागते.

आता पूर्ततेचा टक्का, जिथं खरी गंमत आहे. रद्द झालेले सगळे १०० वगळले आणि उशिराचे १२० 'दिले' म्हणून धरले, की ९०० पैकी ९००, पूर्ण शंभर टक्के! उशिराचे सोडले, तर ९०० पैकी ७८०, सुमारे ८७ टक्के. दोन्ही आकडे फसवे आहेत, कारण माल नव्हता म्हणून गेलेले ७० डबे त्यात गायब होतात. माल जितका कमी, तितक्या ऑर्डर रद्द, आणि टक्का तितकाच चांगला दिसतो.

रद्द ऑर्डर दिसली की दोन गोष्टी विचारायच्या : तेव्हा माल हातात होता का, आणि कबूल केलेली तारीख उलटली होती का? माल होता आणि तारीख यायची होती, तर ती गिऱ्हाइकाची मर्जी, हिशेबातून काढा. नाहीतर ती आपली चूक, मागणीत ठेवा. म्हणून इथं ३० वगळायचे. मागणी ९७०, वेळेत दिले ७८०, टक्का सुमारे ८०. उशिराचे १२० वेगळ्या ओळीत दाखवावेत. ते पैसे आले खरे, पण सणाला श्रीखंड पोचलं नाही.

बाकी ऑर्डरची आणखी एक खोड आहे. एप्रिलच्या वहीत ती नवी म्हणून पुन्हा लिहिली जाते आणि तेच १२० डबे दोनदा मोजले जातात. ताळा सोपा आहे : मागची बाकी अधिक नव्या ऑर्डर, ही बेरीज दिलेला माल, रद्द आणि आत्ताची बाकी यांच्या बेरजेइतकी यायला हवी. मार्चअखेर मागची बाकी शून्य धरली तर १,००० बरोबर ७८० अधिक १०० अधिक १२०. फरक आला की कुठली तरी ऑर्डर दोनदा चढलीय किंवा पुसली गेलीय.

राहिला न दिसणारा भाग. माल संपल्यावर फोन येतो, "श्रीखंड आहे का?" "नाही," म्हटलं की फोन बंद, वहीत काहीच नाही. त्या दिवसाची विक्री शून्य दिसते, पण मागणी शून्य नव्हती. पुढच्या वर्षीचा माल नुसत्या विक्रीवरून मागवला तर पुन्हा तुटवडा पडणारच. म्हणून माल कोणत्या दिवशी, किती वाजता संपला हे लिहून ठेवावं, आणि रोजची सरासरी काढताना ते दिवस सोडावेत. नकार दिलेले फोनही टिपावेत, मात्र ते आकडे डोळे झाकून धरू नयेत. तुटवडा असल्याचा वास आला की वीस हवे असलेला दुकानदार तीस सांगतो, आणि तोच डबा दोन वितरकांकडं मागतो.