वाढत्या वयातील खेळाडू मुले आणि अपुरे जेवण



शाळेच्या संघातून धावणारी, खो-खो किंवा कबड्डी खेळणारी मुले काटक असतात. त्यामुळे ती सुदृढही असणार, असे आपण धरून चालतो. पण बारा ते सोळा या वयात मूल रोज सराव करते, पोटभर जेवल्यासारखे दिसते, आणि तरीही त्याच्या शरीराला महिनोन्‌महिने अन्न कमी पडत असते, असे होऊ शकते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे समजून घेणे विशेष गरजेचे आहे, कारण तिथे ताटात काय येते आणि कधी येते हे मुलांच्या हातात नसते.

उंची वाढण्याचा काळ

मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते. त्या एका वर्षात सुमारे 8 सेंटिमीटर वाढ होते. मुलांमध्ये हा काळ साधारण दोन वर्षे उशिरा येतो आणि वाढ थोडी जास्त, म्हणजे 9 ते 10 सेंटिमीटर असते. आधी पावले मोठी होतात, मग पाय लांब होतात आणि शेवटी धड वाढते. वर्षाच्या सुरुवातीला घेतलेले बूट सहा महिन्यांत लहान झाले, तर वाढीचा काळ सुरू झाला असे समजावे.

या काळात हाडे आधी लांब होतात. त्यांच्यात चुना भरून ती टणक व्हायला आणखी काही महिने लागतात. म्हणून याच वयात हाडे मोडण्याचे प्रमाण जास्त दिसते. मुलींची पाळी साधारणपणे उंचीची ही मोठी वाढ होऊन गेल्यावर वर्षभराने सुरू होते. म्हणजे हाडे, स्नायू, रक्त आणि पाळी या सगळ्यांचे काम एकाच वेळी चालू असते, आणि सरावाचा खर्च त्यावर वेगळा असतो.

शरीराचा जमाखर्च

समजा, वसतिगृहातील चौदा वर्षांची एक मुलगी आहे. तिचे वजन 40 किलो. ती सकाळी 6 किलोमीटर धावते. धावताना दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 1 कॅलरी खर्च होते. म्हणजे सकाळचा खर्च सुमारे 240 कॅलरी. संध्याकाळी तासभर खो-खोचा सराव होतो, त्याचेही तेवढेच धरू. एकूण 480 झाले.

आता जमा बघू. सकाळी ती उपाशीपोटी धावते. साडेआठला चहा आणि एक बशी पोहे मिळतात, त्यांच्या 310 कॅलरी. दुपारी बारा वाजता वरण-भात आणि भाजी, 450. रात्री आठला दोन भाकरी, भाजी आणि थोडा वरण-भात, 640. बेरीज झाली 1400.

यातून सरावाचे 480 वजा केले की बाकी सगळ्या शरीरासाठी 920 उरतात. हृदय, मेंदू, उंची, हाडे आणि पाळी यांना त्यातच भागवावे लागते. खेळाडूंच्या आहाराचे अभ्यासक इथे एक हिशोब मांडतात. चरबी वगळून शरीराचे जे वजन असते, त्याच्या प्रत्येक किलोमागे सराव वजा जाता साधारण 45 कॅलरी उरल्या, तर शरीराचे नीट भागते. 30 पेक्षा कमी उरल्या, तर शरीर काटकसर सुरू करते. या मुलीचे चरबी वगळून वजन सुमारे 32 किलो धरले, तर तिला 1440 कॅलरी उरायला हव्यात आणि 960 ही धोक्याची रेषा ठरते. ती त्याच्याही खाली आहे. हे आकडे मुख्यतः प्रौढ स्त्रियांच्या अभ्यासातून आले आहेत. वाढत्या मुलांना ते काटेकोरपणे लावता येत नाहीत, पण दिशा कळायला पुरेसे आहेत.

काटकसर कुठे होते?

तुटपुंज्या मिळकतीत घर चालवणारी बाई आधी घराची डागडुजी थांबवते आणि चूल पेटती ठेवते. शरीरही तेच करते. श्वास आणि हृदय चालू राहतात. उंची, हाडांची भरणी आणि पाळी मात्र मागे पडतात. म्हणूनच मूल मैदानावर काही काळ चांगले खेळतही राहते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. ते हडकुळे दिसेलच असेही नाही.

खुणा मात्र असतात. सराव चालू असूनही चार-सहा महिने वजन आणि उंची दोन्ही जागच्या जागी राहतात. नडगीचे हाड एकाच ठिकाणी दुखते आणि विश्रांतीनंतरही पुन्हा दुखू लागते. सर्दी-खोकला पाठ सोडत नाही, चिडचिड होते, वेळ पूर्वीपेक्षा मंदावते. मुलीची सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर "खेळाडूंचे असेच असते" असे म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे. मुलांमध्ये पाळीसारखी ठळक खूण नसते, म्हणून त्यांच्या बाबतीत उंची-वजनाची नोंद अधिक महत्त्वाची. थकवा रक्त कमी असल्यामुळेही येतो. त्याची तपासणी जरूर करावी, पण लोहाच्या गोळ्यांनी जेवणाची तूट भरून निघत नाही.

मुले कमी का खातात?

बहुतेक वेळा ती मुद्दाम कमी खात नाहीत. दमवणाऱ्या सरावानंतर तासभर भूकच लागत नाही, आणि तेवढ्यात पंगत उठून जाते. वरच्या मुलीचेच बघा: दुपारी बारा ते रात्री आठ, असे आठ तास तिच्या पोटात काही नाही आणि मध्येच खो-खोचा सराव आहे. भात आणि भाजीने पोट लवकर भरते, पण कॅलरी बेताच्याच मिळतात. काही मुली चारचौघांत पुन्हा वाढून घ्यायला लाजतात. कबड्डीत वजनगटात बसण्यासाठी जेवण तोडणारी मुलेही असतात. त्यांना त्यापासून परावृत्त केलेच पाहिजे.

तूट कशी भरावी?

यासाठी महागड्या पावडरी लागत नाहीत. या मुलीला सकाळी धावण्याआधी एक केळे दिले, तर सुमारे 85 कॅलरी मिळतील. दुपारी चार वाजता मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा यांचे 245, एका अंड्याचे 70 आणि रात्री एक जास्तीची भाकरी 160. एकूण 560 वाढले. आता जमा 1960 झाली. सराव वजा जाता 1480 उरतात. तिची तूट भरून निघाली. अंडे चालत नसेल तर पेलाभर दूध द्यावे.

यात चारचे खाणे सर्वांत मोलाचे, कारण ते आठ तासांची पोकळी मोडते. त्याबरोबर आठवड्यातून एक दिवस सरावाला पूर्ण सुट्टी हवी, आणि ज्या महिन्यांत उंची झपाट्याने वाढते आहे त्या महिन्यांत धावण्याचे अंतर वाढवू नये.

महिन्याला वजन आणि तीन महिन्यांनी उंची एका वहीत लिहून ठेवावी. वजन एकेकट्याला बोलावून करावे आणि आकडा सर्वांसमोर वाचू नये, नाहीतर मुली त्याच भीतीने आणखी कमी खाऊ लागतात. वहीत लागोपाठ दोन नोंदींत उंची हलली नाही, तर आधी मुलीचे ताट आणि जेवणाच्या वेळा तपासाव्यात. मग सराव कमी करावा आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी.