साइट बंद, भरपाई तीस रुपये

मृगाच्या आधीचा पंधरवडा म्हणजे घरी भाजी लावणाऱ्यांचा हंगाम. दोडका, पडवळ, कारलं, घेवडा यांचं बियाणं लोक तेव्हाच शोधतात. सांगलीजवळची माझ्या ओळखीची एक ब्लॉगर परसबागेवर लिहिते आणि लेखाखाली बियांची पाकिटं विकते. तिचा मोठा धंदा याच दिवसांतला. २०२५च्या जूनमध्ये पहिल्या दोन आठवड्यांत तिची साइट चार वेळा बंद पडली. दर वेळी होस्टिंग कंपनीच्या चॅटवर तेच उत्तर: “आता चालू दिसतेय, तपासून पाहा.” चौथ्या वेळेनंतर तिने संतापून लांबलचक मेल लिहिला आणि पाठवण्याआधी मला दाखवला. छोट्या साइटांची देखभाल हा माझा व्यवसाय असल्याने असे मेल माझ्यासमोर वरचेवर येतात.

मेलमध्ये लिहिलेलं सगळं खरंच होतं. वाचक गेले, हंगाम बुडाला, गिऱ्हाइकांसमोर नाव खराब झालं. पण साइट केव्हापासून केव्हापर्यंत बंद होती ते नव्हतं, करारातल्या कलमाचा उल्लेख नव्हता आणि तिला नेमकं काय हवंय तेही नव्हतं. असा मेल तिकीट होऊन पहिल्या पायरीवरच्या मदतनिसाकडे जातो. तो साइट उघडून बघतो, ती उघडते, तो दिलगिरी व्यक्त करतो आणि तिकीट बंद होतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वर पाठवण्यासारखं काही त्याच्या हाती दिलेलंच नसतं.

म्हणून आधी पुरावा. इथे पहिली अडचण अशी, की बंद पडलेली साइट स्वतःचा पुरावा ठेवत नाही. वाचकांची मोजदाद करणारं ॲनॅलिटिक्स पान उघडल्यावरच चालतं. पानच उघडलं नाही, तर आलेला माणूस कुठेच नोंदला जात नाही. आलेख खाली गेलेला दिसतो, पण कारण दिसत नाही. त्यासाठी बाहेरून पहारा ठेवणारी सेवा लागते. अशा सेवा ठरावीक मिनिटांनी साइटला हाक मारतात आणि उत्तर आलं नाही की वेळ टिपून मेल करतात. दर पाच मिनिटांनी तपासणारी सेवा असेल, तर टिपलेली वेळ पाच मिनिटांनी इकडेतिकडे असू शकते, आणि हे तक्रारीत आपणच सांगून टाकलेलं बरं. ब्लॉगरने सुदैवाने अशी सेवा लावलेली होती.

दुसरा पुरावा सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे ॲक्सेस लॉगमध्ये असतो. होस्टिंगच्या सीपॅनेलमधून तो उतरवून घेता येतो. तिच्या २ जूनच्या लॉगमधल्या लागोपाठच्या या दोन ओळी पाहा:

```
203.0.113.25 - - [02/Jun/2025:14:39:51 +0000] "GET /dodka/ HTTP/1.1" 200 18432
203.0.113.61 - - [02/Jun/2025:16:26:07 +0000] "GET / HTTP/1.1" 200 20117
```

दोन ओळींमध्ये पावणेदोन तासांहून जास्त काळ काहीच नाही. माणसं नसली तरी शोधयंत्रांचे रोबोट अधूनमधून डोकावतातच, आणि विक्रीच्या ऐन वेळी तर अशी शांतता अशक्यच. म्हणजे तिच्या साइटपर्यंत कोणी पोचतच नव्हतं. त्याच सर्व्हरवरच्या आणखी दोन अनोळखी साइटही त्या वेळी उघडत नव्हत्या. हे तिने तेव्हाच पाहून स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, आणि पुढे त्यांचा फार उपयोग झाला. ओळीतली घड्याळं मात्र नीट बघा. `+0000` म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडचे रात्रीचे आठ दहा लॉगमध्ये दुपारचे दोन चाळीस दिसतात. मेलमध्ये फक्त भारतीय वेळ दिली, तर समोरचा तंत्रज्ञ त्याच्या घड्याळाप्रमाणे रात्री आठच्या नोंदी उघडतो आणि “आमच्याकडे काही अडचण दिसत नाही” असं प्रामाणिकपणे कळवतो. म्हणून दोन्ही वेळा द्याव्यात.

८ जूनच्या रात्रीची नोंद मात्र वेगळी निघाली. तिथे खंड नव्हता, चाळीस मिनिटं अशा ओळी होत्या:

```
203.0.113.40 - - [08/Jun/2025:15:34:12 +0000] "GET /shop/ HTTP/1.1" 508 -
```

शेअर्ड होस्टिंग म्हणजे एका नळावरची चाळ. एकाने सगळं पाणी ओढू नये म्हणून प्रत्येक खात्याला प्रोसेसर, मेमरी आणि एका वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची मर्यादा घातलेली असते. आपल्या खात्याने ती ओलांडली, की अशा सर्व्हरवर ५०८ हा आकडा येतो. त्या रात्री तिने सगळ्या वर्गणीदारांना एकदम मेल पाठवला होता, शेकडो लोक एकाच वेळी दुकानाच्या पानावर आले आणि कॅश न लावलेलं ते पान प्रत्येकासाठी नव्याने तयार होत राहिलं. हा दोष कंपनीचा नव्हे. मोठी योजना किंवा नीट लावलेली कॅश हाच त्यावरचा इलाज. राहिली १४ जूनची पहाट. दोन ते साडेपाच साइट बंद होती, पण तीन दिवस आधी देखभालीची सूचना आलेली होती, आणि पूर्वसूचनेने केलेली देखभाल तिच्या करारात बंद वेळेत धरत नाहीत.

चारांतले दोन प्रसंग आपणच वगळायचे म्हटल्यावर ती नाराज झाली. पण कंपनीचा माणूस सगळ्यात आधी हेच दोन प्रसंग उचलणार आणि त्यांच्या जोरावर उरलेले दोन झटकणार. ते आपणच बाजूला काढले की त्याच्या हातातलं उत्तर जातं.

उरले २ जूनचे १०५ मिनिटं आणि ५ जूनच्या सकाळचे १६५. एकूण २७०. करारात ९९.९ टक्के अपटाइमची हमी होती. तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात, म्हणजे त्र्याहत्तर नव्हे, फक्त ४३ मिनिटांची सूट. प्रत्यक्षात साइट ९९.३८ टक्के वेळ चालू होती. आकडा ऐकायला झकास वाटतो, म्हणूनच कंपन्या तो मोठ्या अक्षरांत छापतात. हमी मोजली जाते कॅलेंडरच्या महिन्याने. ३१ मेच्या रात्री अर्धा तास आणि १ जूनच्या पहाटे अर्धा तास साइट बंद असती, तर दोन्ही महिने हमीत बसले असते.

आता भरपाईचं कलम. हमी मोडली तर त्या महिन्याच्या शुल्काच्या दहा टक्के क्रेडिट, तेही तीस दिवसांत मागितलं तर. तिची योजना वर्षाला ३,६०० रुपयांची, महिन्याचे पडले ३००, दहा टक्के म्हणजे ३० रुपये. ही काही एका कंपनीची कंजुषी नव्हे. ॲमेझॉनच्या ईसी-२ सेवेच्या करारातही अपटाइम ९५ टक्क्यांखाली गेला तर शंभर टक्के क्रेडिट मिळतं, पण ते भरलेल्या सेवाशुल्कापुरतंच, आणि मागणी पुढच्या दुसऱ्या बिलचक्राच्या आत करावी लागते. गिऱ्हाइकाची बुडालेली विक्री जवळजवळ प्रत्येक करारात स्पष्ट शब्दांत वगळलेली असते.

तरी विक्रीचा हिशेब मांडावा, पण प्रामाणिक. त्याआधीच्या तीन आठवड्यांत त्याच वारी, त्याच तासांत सरासरी किती ऑर्डर आल्या ते तिने काढलं. दोन्ही वेळा मिळून पंधरा. साइट सुरू झाल्यावर नेहमीपेक्षा तीन ऑर्डर जास्त आल्या होत्या, म्हणजे तिघं परत आले. बुडाल्या बारा. सरासरी २४० रुपयांप्रमाणे २,८८० रुपये. “गूगलवरचं स्थान गेलं” हे वाक्य आम्ही काढून टाकलं. सर्व्हर काही तास उत्तर देत नसेल तर गूगलचा रोबोट वेग कमी करतो आणि नंतर परत येतो. पानं शोधातून गळायला लागतात ती त्रुटी कित्येक दिवस टिकली तर. सिद्ध न होणारा एक दावा बाकीच्या सगळ्या दाव्यांवर शंका आणतो.

मेल इंग्रजीत गेला. त्याचा मराठी गाभा असा:

“विषय: जून २०२५मध्ये अपटाइम हमीचा भंग, दोन घटना, २७० मिनिटं. आधीच्या दोन तिकिटांचे क्रमांक खाली आहेत. २ जून, रात्री ८.१० ते ९.५५ (प्रमाणवेळ १४.४० ते १६.२५). ५ जून, सकाळी ७.२० ते १०.०५ (प्रमाणवेळ ०१.५० ते ०४.३५). वेळा पाच मिनिटांनी मागेपुढे असू शकतात. लॉग, पहाऱ्याच्या नोंदी आणि त्याच सर्व्हरवरच्या इतर साइटचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. ८ आणि १४ जूनच्या घटना या दाव्यात धरलेल्या नाहीत. करारानुसार क्रेडिट द्यावं. दोन्ही घटनांचं मूळ कारण लेखी कळवावं. माझं खातं सात दिवसांत दुसऱ्या सर्व्हरवर हलवावं, ते जमत नसेल तर उरलेल्या मुदतीचे पैसे परत करावेत. अंदाजे २,८८० रुपयांची विक्री बुडाली, हिशेब जोडला आहे. त्याबद्दल सद्भावनेने काय देता येईल ते सांगावं.”

हमीचे ३० रुपये मागायचे ते भंग कंपनीच्या कागदावर यावा म्हणून. खरी मागणी सर्व्हर बदलण्याची आहे, कारण ती मदतनिसाच्या वरच्या माणसाच्या हातात असते आणि तिला फारसा खर्च येत नाही. विक्रीचा आकडा हक्क म्हणून न मागता सद्भावनेच्या ओळीत घातला, कारण हक्क म्हणून मागितला असता तर उत्तर करारातल्या नकाराच्या कलमाचंच आलं असतं.

मेल पाठवण्याआधी दोन गोष्टी उरकल्या. तिचा ईमेल त्याच सर्व्हरवर होता, म्हणजे सर्व्हर झोपला की कंपनीचं उत्तरही तिच्यापर्यंत पोचणार नाही. तक्रार म्हणून दुसऱ्या पत्त्यावरून केली. आणि डोमेन त्याच कंपनीकडे होतं, ते हलवायला लागणारा ऑथ कोड मागून ठेवला. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी तो मागितल्यापासून पाच दिवसांत देणं नोंदणी कंपनीवर बंधनकारक आहे. पूर्ण बॅकअपही घरच्या डिस्कवर उतरवला.

उत्तर आलं नसतं तर पुढचा रस्ता ग्राहक कायद्याचा होता. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. २०१९च्या कायद्यात व्यावसायिक कामासाठी घेतलेली सेवा वगळलेली आहे, पण स्वयंरोजगारातून निव्वळ उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे, सेवेचा त्या स्पष्टीकरणात उल्लेख नाही. तोच न्याय सेवेलाही लागू व्हावा, असा दावा एकट्याने बिया विकणारी बाई करू शकते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते, मुदत दोन वर्षांची. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

तिला तिथवर जावं लागलं नाही. चौथ्या दिवशी वरच्या पातळीवरून उत्तर आलं. दोन्ही वेळा सर्व्हरची डिस्क भरून डेटाबेस अडकला होता, खातं दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं आहे, योजनेची मुदत तीन महिने वाढवली आहे. ३० रुपये वेगळे. बुडालेल्या विक्रीबद्दल चकार शब्द नव्हता. तिने मुदतवाढ घेतली, पण डोमेन त्याच आठवड्यात दुसऱ्या नोंदणी कंपनीकडे नेलं. साइटही हलवायची आहे, मात्र रब्बीच्या बियांची विक्री आटोपल्यावरच.